संकष्टीला शून्य विक्री: मोदक पिठाच्या रिकाम्या जागेचा शोध

पुण्याच्या एका उपनगरातलं मध्यम आकाराचं सुपरमार्केट. साल २०२४, श्रावण चालू. त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, म्हणजे किराणा विभागाची खरी धावपळ ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणार होती. त्याच्या थोडं आधी रिटेल मॅनेजमेंटच्या पदवीला असलेली एक मुलगी इंटर्न म्हणून आली. किराणा विभागाच्या त्या मजल्याची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून हे प्रकरण मी जवळून पाहिलं. दुकान ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, पण त्यांचा आपसातला मेळ होता तसाच ठेवला आहे.

तिला तीन कामं दिली होती. रोज ठरलेल्या वेळी पीठ-रवा-पोहे या रॅकची शेल्फ तपासणी, सणाच्या मांडणीत मदत, आणि दिवसअखेर एका पानावर विक्रीची टिपणं. इंटर्नला सहसा हीच कामं मिळतात आणि तीन वेगळ्या वह्यांसारखी ती उरकली जातात. या प्रकरणात एकाच वस्तूने तिन्ही कामं एकमेकांत गुंतवली, म्हणून ते सविस्तर लिहावंसं वाटलं.

शून्याचा आकडा

वस्तू साधीच होती, ५०० ग्रॅमचं मोदक पीठ. त्याच कंपनीची, त्याच वजनाची, त्याच किमतीची साधी तांदूळ पिठी तिच्या शेजारी असते. दोन्ही पाकिटांचा रंग एकच, फक्त नावाची पट्टी वेगळी.

२२ ऑगस्टला गुरुवारी संकष्टी होती. त्या दिवशी दुपारी ती मागच्या सात दिवसांच्या विक्रीचा अहवाल घेऊन आली आणि म्हणाली, "सर, मोदक पीठ सोमवारपासून एकही गेलेलं नाही. श्रावणात, तेही संकष्टीच्या आठवड्यात?"

सिस्टीमवर स्टॉक दिसत होता ३१. त्याआधीच्या पंधरवड्यात दिवसाला पाच-सहा पाकिटं जात होती. माल भरपूर, मागणीचे दिवस आणि विक्री शून्य, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मागणी कमी झाली असं मानायचं नसतं. माल गिऱ्हाइकाच्या हाताशी पोचत नाहीये, हा पहिला संशय. पाच-सहाच्या वेगाने जाणारी वस्तू एखाद दिवस दोनवर येईल, पण सलग चार दिवस शून्यावर बसणार नाही. उलट महिन्याला दोनच नग जाणारी वस्तू आठवडाभर हलली नाही तर त्यात काही विशेष नाही. म्हणून शून्य विक्रीची यादी काढताना त्या वस्तूचा नेहमीचा वेग शेजारच्या रकान्यात लिहावाच लागतो. तिने तो लिहिला होता, आणि म्हणूनच शंभरेक ओळींमधून ही एक ओळ तिच्या डोळ्यांत भरली.

भरलेलं दिसणारं शेल्फ

आम्ही रॅकजवळ गेलो. माल लावणारा मुलगा तिथेच होता. "ताई, बघा ना, कुठे गॅप आहे? सगळं फुल्ल आहे," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. कप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला होता, पाकिटं पुढच्या कडेशी एका ओळीत ओढलेली.

तिने मालाकडे न बघता खालच्या पट्टीवरचे किमतीचे टॅग डावीकडून एकेक वाचायला सुरुवात केली. प्रत्येक टॅगवर नाव वाचायचं, मग वर बघायचं. चौथा टॅग मोदक पिठाचा. त्याच्या वर उभी होती तांदूळ पिठी.

प्लॅनोग्राममध्ये, म्हणजे कोणती वस्तू कुठे आणि किती रुंदीत लावायची याच्या नकाशात, तांदूळ पिठीला तीन फेसिंग होती आणि मोदक पिठाला दोन. फेसिंग म्हणजे समोरून दिसणारी पाकिटांची एक रांग. प्रत्यक्षात तांदूळ पिठीच पाचही फेसिंगवर पसरली होती. मोदक पीठ संपलं तेव्हा भोक दिसू नये म्हणून कोणीतरी शेजारचा माल सरकवून जागा बुजवली होती. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. कप्पा रिकामा दिसला की माल लावणाऱ्याला बोलणी बसतात, मग तो कप्पा भरलेला दिसेल अशी सोय करतो.

तपासणी टॅगपासून करायची ती यासाठी. डोळा मालावरून फिरवला तर फक्त रिकामी जागा सापडते. टॅगवरून फिरवला तर जागा भरलेली असूनही नसलेली वस्तू सापडते. वेळ फार जास्त लागत नाही. एका चार फुटी कप्प्याला एखाद मिनिट पुरतं. मात्र टॅगच गळून पडलेला किंवा दुसऱ्या मालाखाली झाकलेला असेल तर ही पद्धतही आंधळी होते, म्हणून आठवड्यातून एकदा प्लॅनोग्रामची छापील प्रत हातात घेऊन टॅग आहेत का ते पाहावं लागतं.

शेजारचा माल पसरवण्याचा आणखी एक तोटा आहे. संध्याकाळी फेरी मारणाऱ्या मॅनेजरला काहीच खटकत नाही. रिकामी जागा कुरूप दिसते खरी, पण ती काहीतरी सांगत असते. त्या दिवसापासून या रॅकपुरता आम्ही नियम केला की, माल संपला तर जागा मोकळी ठेवायची आणि टॅगवर लाल चिकटपट्टी लावून त्यावर संपल्याची तारीख-वेळ लिहायची.

३१ पाकिटं गेली कुठे

आता मोजणी. शेल्फवर शून्य. मागच्या गोडाऊनमध्ये शोधल्यावर तांदूळ पिठीच्या खोक्याखाली एक फोडलेलं खोकं निघालं, त्यात ६ पाकिटं. खोकी एकाच कंपनीची, बाहेरून सारखीच, म्हणून कोणी ते खोकं उघडून पाहिलं नव्हतं. मग ती डॅमेजच्या क्रेटकडे गेली. तिथे कोपरा फाटलेली, पीठ सांडलेली ७ पाकिटं होती. ती शेल्फवरून काढली होती, पण सिस्टीममधून वजा झाली नव्हती. म्हणजे ३१ पैकी १३ सापडली. १८ राहिली.

इथे बहुतेक जण "चोरी" असं लिहून मोकळे होतात. अठरा पाकिटं पीठ कोण चोरतं, हा प्रश्न विचारायला हवा. तिने शेजारची वस्तूही मोजली, आणि या सगळ्या प्रकरणात मला तिचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते या पायरीचं. तांदूळ पिठी सिस्टीमवर होती ४. शेल्फ आणि गोडाऊन मिळून हाताने मोजली तर २०. म्हणजे १६ जास्त.

एकीकडे १८ कमी, शेजारच्या जुळ्या वस्तूत १६ जास्त. असा जोड दिसला की बोट बिलिंग काउंटरकडे जातं. गिऱ्हाइकाने दोन मोदक पीठ आणि एक तांदूळ पिठी घेतली. कॅशियरच्या हातात तीन सारखी पाकिटं आली. किंमत तीच. त्याने वरचं एक स्कॅन केलं आणि नग तीन दाबले. गिऱ्हाइकाचं बिल बरोबर, गल्ला बरोबर, त्यामुळे संध्याकाळच्या हिशेबात काहीच चुकत नाही. फक्त सिस्टीममध्ये तांदूळ पिठी तीनने कमी होते आणि मोदक पीठ जागच्या जागी राहतं. वेगवेगळ्या चवींची एकाच किमतीची बिस्किटं, साबण, नूडल्स, दही यांतही हेच चालतं.

उरलेल्या २ पाकिटांचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिने अहवालात "कारण सापडले नाही: २" असं लिहिलं आणि मी ते तसंच ठेवलं.

याचा परिणाम ऑर्डरवर कसा झाला ते बघण्यासारखं आहे. दुकानात ऑर्डर आपोआप निघते. मोदक पिठाचा किमान साठा १२ ठेवलेला, सिस्टीमवर ३१, त्यामुळे ऑर्डर निघाली नाही आणि निघणारही नव्हती. विक्री शून्य असल्यामुळे ३१ हा आकडा हलणार नव्हता आणि आकडा हलत नाही म्हणून माल येणार नव्हता. कोणी जाऊन मोजेपर्यंत हे वर्तुळ तुटत नाही. उलट तांदूळ पिठी सिस्टीमवर ४, तिचा किमान साठा १०, म्हणून तिचं २४ नगांचं खोकं आधीच मागवलं गेलं होतं. ज्याची गरज होती ते येत नव्हतं, आणि जे पडून होतं त्याची भर होत होती.

हे आमच्याच दुकानात घडतं असं नाही. निकोल डीहोरेशिअस आणि अनंत रामन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका किरकोळ साखळीच्या ३७ दुकानांतल्या सुमारे ३ लाख ७० हजार साठा-नोंदी तपासल्या, त्यांतल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळल्या नव्हत्या.

दुरुस्ती कोणी करायची

इंटर्नला सिस्टीमचा स्टॉक बदलायचा अधिकार नसतो, आणि नसावाच. तिने एक पान तयार केलं. त्यात दोन्ही वस्तूंचा सिस्टीम आकडा, शेल्फ, गोडाऊन, डॅमेज आणि फरक लिहिला, खाली मोजणीची वेळ टाकली. वेळ महत्त्वाची, कारण मोजणी चालू असताना बिलिंग थांबत नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर एकदा पुन्हा मोजलं, मग दुकानाच्या मॅनेजरच्या सहीने ७ डॅमेजमध्ये वजा झाली आणि दोन्ही वस्तूंचे आकडे सुधारले. दोन्ही एकाच वेळी सुधारणं गरजेचं होतं. फक्त मोदक पीठ दुरुस्त केलं असतं तर तांदूळ पिठीची खोटी ऑर्डर चालूच राहिली असती.

कॅशियरना बोलावून ओरडण्यात अर्थ नव्हता. रांगेत आठ माणसं उभी असताना नग दाबणं हा त्यांचा वेळ वाचवायचा मार्ग आहे. तिने दोन्ही पाकिटांचा शेजारी-शेजारी फोटो काढून प्रत्येक काउंटरवर चिकटवला आणि खाली लिहिलं, "दोन वेगळे बारकोड. प्रत्येक प्रकार वेगळा स्कॅन करा."

त्या आठवड्यात आपोआप ऑर्डर सोमवारी निघून माल बुधवारी आला असता. मॅनेजरने फोनवरून वेगळी मागणी दिली आणि शनिवारी, २४ तारखेला, २४-२४ नगांची दोन खोकी आली.

मांडणी: किती दिसतं आणि किती मावतं

सणाच्या मांडणीसाठी रॅकच्या टोकाचा एंडकॅप मिळाला होता. मुख्य कार्यालयाकडून आलेल्या चित्रात वरच्या कप्प्यात अगरबत्ती, धूप, कापूर आणि लगेच खाली मोदक पीठ दाखवलं होतं. चित्र छान होतं. पण पीठ वास धरतं, आणि पावसाळी हवेत पातळ पाकिटातलं पीठ तर फारच लवकर धरतं. कापराच्या वासाची उकड कोणाच्या घरी गेली तर ते गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पुढच्या वर्षी दुसरीकडून घेतं. तिने हे चित्रावर खूण करून माझ्याकडे आणलं, आम्ही फोटो पाठवून परवानगी घेतली आणि पूजेचं सगळं साहित्य पलीकडच्या टोकाला हलवलं. साबण, डिटर्जंट, अगरबत्ती आणि उघड्या-पातळ वेष्टनातलं खाद्य एकत्र नको, हा नियम सणाच्या गडबडीत सगळ्यात आधी मोडतो.

एंडकॅपवर डोळ्यांच्या उंचीला मोदकांचे साचे हुकांना टांगले. लांबून आधी साचाच दिसतो आणि काय मांडलंय ते कळतं. छातीच्या उंचीला पीठ, त्याखाली तूप आणि वेलची-जायफळ, तळाला गूळ, कारण जड माल खालीच हवा. केशर बिलिंग काउंटरजवळच ठेवलं, डबी लहान आणि महाग, सहज खिशात जाते. ओला नारळ इथे ठेवता येत नव्हता, म्हणून पाटीवर लिहिलं, "उकडीच्या मोदकांचं साहित्य. ओला नारळ भाजी विभागात." आधीच्या पाटीवर नुसती सणाची ऑफर लिहिलेली होती. पदार्थाचं नाव वाचल्यावर माणसाला घरातलं काय संपलंय ते आठवतं, असं तिचं म्हणणं होतं, आणि मला ते पटलं.

पाकिटं आडवी एकावर एक रचली की खालच्यांचे कोपरे फाटतात, डॅमेजमधली ती ७ अशीच झाली होती. म्हणून आता कमी उंचीच्या ट्रेमध्ये उभी लावली, लवकर मुदत संपणारी पुढे. एंडकॅपवर २४ मावली.

पण मूळ रॅकवरच्या दोन फेसिंग तशाच ठेवल्या. नेहमीचं गिऱ्हाईक पीठ पिठाच्या रॅकवरच शोधतं. सगळा माल एंडकॅपवर नेला तर ते गिऱ्हाईक "आलं नाही वाटतं" म्हणून निघून जातं. दोन फेसिंग, प्रत्येकीत मागे सहा पाकिटं, म्हणजे १२. दोन्ही जागा मिळून मजल्यावर ३६. हा आकडा पुढे कामाला आला.

शनिवारचं टिपण

तिच्या विक्रीच्या पानावर रकाने मोजकेच होते. सकाळचा माल, आत आलेला माल, संध्याकाळचा माल, संपल्याची वेळ, आणि "कोणी विचारलं". सकाळचा अधिक आलेला वजा उरलेला, म्हणजे हाताने काढलेली विक्री. ती सिस्टीमच्या विक्रीशी ताडायची.

३१ ऑगस्टचा शनिवार. सकाळी नऊला मजल्यावर ३६, गोडाऊन रिकामं. दुपारी एकपर्यंत ९ गेली. एक ते पाच ८. पाच ते साडेसहा या दीड तासात १९, आणि माल संपला. दुकान रात्री दहापर्यंत उघडं. सिस्टीमने विक्री दाखवली ३४, हातची मोजणी ३६, आणि तांदूळ पिठी सिस्टीमवर नेमकी दोनने जास्त गेलेली. म्हणजे काउंटरवरची चूक खूप कमी झाली होती, पूर्ण थांबली नव्हती.

आता खरा प्रश्न, त्या दिवसाची मागणी किती होती? सिस्टीम ३४ सांगते आणि पुढच्या शनिवारचा अंदाज त्यावरच बांधते. पण माल साडेसहाला संपलेला. सरसकट सरासरी काढली तर साडेनऊ तासांत ३६, म्हणजे तासाला चारच्याही आत, आणि उरलेल्या साडेतीन तासांचे मिळून १३. हा हिशेब सोपा आहे आणि चुकीचा आहे, कारण संध्याकाळचा वेग सकाळच्या कितीतरी पट होता. दीड तासात १९ म्हणजे तासाला बारा-तेरा. गर्दी नऊपर्यंत टिकते, तेव्हा अडीच तासांची साधारण ३० पाकिटं होतात.

तिसरा आकडा तिच्या शेवटच्या रकान्यात होता. माल संपल्यावर ११ जणांनी मोदक पिठाची चौकशी केली. एक काकू तर जवळजवळ वैतागून म्हणाल्या, "अगं, साचे टांगलेत आणि पीठच नाही?" न विचारता परत जाणारे याहून जास्त असतात, त्यामुळे ११ हा खालचा आकडा. तिने पानावर लिहिलं, "हुकलेली विक्री ११ ते ३० च्या दरम्यान, बहुधा वरच्या टोकाकडे." एकच ठाम आकडा लिहिण्यापेक्षा हे मला जास्त उपयोगी पडलं. ऑर्डर देणाऱ्याला पल्ला कळला की किती धोका पत्करायचा ते त्याला ठरवता येतं.

मावण्याचा हिशेबही इथेच लागला. तासाला बारा जात असतील तर मूळ रॅकवरची १२ पाकिटं एका तासात संपतात. म्हणून पुढच्या आठवड्यात तपासणीच्या वेळा बदलल्या. आधी सकाळी दहा आणि दुपारी चार अशा होत्या, त्या वेळी माल कधी संपतच नाही. आता साडेपाच आणि साडेसात या दोन फेऱ्या घातल्या, आणि पाचच्या आधी गोडाऊनमधून एक खोकं रॅकमागे आणून ठेवायला सुरुवात केली.

रविवारी आमच्याच साखळीच्या दुसऱ्या शाखेकडून एक खोकं आणून वेळ भागवली. बुधवार आणि शुक्रवारसाठी मिळून सहा खोकी, म्हणजे १४४ पाकिटं मागवली. शुक्रवारी ६ तारखेला हरतालिका होती, दुसऱ्या दिवशी चतुर्थी. गर्दी त्या संध्याकाळी असणार हे कोणालाही माहीत होतं. दीड आठवड्याच्या टिपणांवरून तेवढंच सांगता आलं असतं, एकूण किती जाईल हे नाही. मॅनेजरने मोदक पिठाची मुदत बघून, जास्त उरलं तरी खपेल या हिशेबाने १४४ ठरवली. चतुर्थीच्या रात्री १७ उरली. शुक्रवारी रात्री दहा वाजता शेल्फवर माल होता.

त्यानंतर सोमवारी एंडकॅप उतरवला. उरलेल्या १७ पाकिटांपैकी बारा मूळ जागी दोन फेसिंगवर आली, पाच मागे गोडाऊनला गेली आणि किमान साठा सहावर आणला, नाहीतर सणाच्या वेगावर आपोआप ऑर्डर निघत राहिली असती. जास्तीची तांदूळ पिठी मात्र तशीच पडून होती. तिच्या खोक्यांवर तारखा लिहून दिवाळीच्या चकल्यांच्या मांडणीसाठी ती वेगळी ठेवली, आणि इंटर्नच्या पानावर शेवटची नोंद त्याच खोक्यांची आहे: किती नग, कोणती मुदत, गोडाऊनच्या कोणत्या कप्प्यात.